पावसाळी विनोदी सदरासाठी खड्ड्यांवरची कविता: कुठे अडतंय? (नागपूर)

मेघा_मानेवाडा

नमस्कार मंडळी. आमच्याकडे येणाऱ्या एका वर्तमानपत्रात पावसाळ्यात दर रविवारी विनोदी सदर असतं. त्यात वाचकांच्या कविता घेतात. खड्डे आणि ट्रॅफिक जाम या विषयावर मी एक पाठवली होती, ती परत आली. संपादकीय विभागातून फोन आला, "ताई, विषय चांगला आहे, पण असं आमच्याकडे रोज येतं. पुन्हा लिहून पाठवा." पोळ्याच्या आठवड्यातल्या अंकासाठी त्यांना हवी आहे. मला ही कविता मनापासून लिहायची आहे, कारण शाळेत जायचा माझा रोजचा रस्ता तोच आहे आणि तिथे माणसं पडताना मी पाहते. पाठवलेली अशी होती:

रस्त्यात खड्डे की खड्ड्यात रस्ता,
कळेना कुणाला, नागपूरकर त्रस्ता,
सीताबर्डीपासून मानेवाडा गाठता
पेट्रोल महाग अन् जीव झाला सस्ता!

महागाई, बेकारी, वीजबिलाचा फटका,
पुढाऱ्यांच्या भाषणांना नाही काही अटका,
चौकाचौकात जाम, हॉर्नचा दणका,
पाठीच्या मणक्याला रोजचा झटका!

मंत्री येणार म्हणताच झाली धावपळ,
रात्रीतून गट्टू बसले, सकाळी निर्मळ!

नेमकं काय कमी पडतंय, ते स्पष्ट सांगा. वाईट वाटून घेणार नाही.

---

बेसारोडवाला

ताई, तुमच्या भागातला खड्डा बुजवायचा असेल तर आधी फोटोसकट लेखी तक्रार करा आणि पोचपावती घ्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी नळाच्या पाइपसाठी खोदलं आणि तसंच सोडून दिलं. मी अर्ज दिला, तर म्हणाले हा रस्ता आमच्याकडे नाही. दुसऱ्या कार्यालयात गेलो, तर तेही तेच म्हणाले. शेवटी शेजाऱ्यांनी वर्गणी काढून मुरूम टाकला. कवितेने काही होत नाही, अर्ज करा.

---

मेघा_मानेवाडा

दादा, अर्ज केलेला आहे. इथे मी कवितेबद्दल विचारते आहे.

---

तात्या_महालकर

मेघाताई, मी बरीच वर्षं डेस्कवर काढली आहेत. अशा सदरांसाठी आलेल्या वात्रटिका निवडणं आणि कापणं हे माझं काम होतं. म्हणून जे दिसतं ते सांगतो.

तुमची पहिली ओळ डेस्कवरच्या प्रत्येकाला पाठ असते. पावसाळा लागला की पहिल्याच आठवड्यात तीच ओळ वेगवेगळ्या गावांतून येते. ती वाचली की पुढचं वाचायच्या आधीच हात दुसऱ्या कागदाकडे जातो. दुसऱ्या कडव्यात तुम्ही महागाई, बेकारी, वीजबिल, भाषणं सगळं एकाच पोत्यात भरलं, आणि त्या गर्दीत खड्डा हरवला. मंत्र्यासाठी रात्रीतून रस्ता होतो ही गोष्ट खरी आहे, पण वाचकाला ती आधीच ठाऊक आहे. तो ओळ संपायच्या आधीच शेवट ओळखतो, मग हसणार कशाला?

विडंबनात टोला कल्पनेतून लागतो असं लोकांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. टोला तपशिलातून लागतो. शहरभरच्या खड्ड्यांवर लिहू नका. एकच खड्डा घ्या आणि त्याची जन्मापासूनची हकीकत सांगा. तुमच्या रोजच्या रस्त्यावर असा एखादा आहे का? तो कधी पडला, आधी तिथे काय होतं, कोणी त्यात काय टाकलं, ते आधी साध्या गद्यात इथे लिहा. यमक नंतर पाहू.

---

पुणेकर_सध्या

पण मी तर ऐकलं होतं की नागपुरात आता सगळे रस्ते सिमेंटचे झाले. मग खड्डे येतात कुठून? सिमेंटच्या रस्त्यावर खड्डा पडत नाही ना?

---

गिट्टीखदान

पुणेकर, अर्धं बरोबर आहे. मोठे रस्ते बरेचसे सिमेंटचे झाले, आणि तिथे डांबरासारखा खड्डा सहसा पडत नाही. पण सिमेंटचा पट्टा जिथे संपतो आणि डांबर किंवा गट्टू सुरू होतात, त्या सांध्यावर पाणी मुरतं आणि तिथेच रस्ता बसतो. चौकांत, आतल्या रस्त्यांवर आणि कडेच्या पट्ट्यात डांबर अजून आहेच. शिवाय सिमेंटचा रस्ता बऱ्याच ठिकाणी आजूबाजूपेक्षा उंच झाला, त्यामुळे पाणी कडेला आणि घरांकडे जातं. मी रस्त्यांच्या कामावर साइट इंजिनिअर आहे, म्हणून यात पडलो. कवितेतलं मला फार कळत नाही.

---

मेघा_मानेवाडा

तात्या, तुमचं पटलं. लिहिते.

रिंग रोडला मिळणाऱ्या एका चौकात सिग्नलच्या अलीकडे रस्त्याला आडवा चर खणला होता. मे महिन्यात, केबलसाठी. केबल टाकून झाल्यावर बाहेर काढलेली काळी मातीच परत आत लोटली, वर थोडी गिट्टी आणि डांबराचा पातळ थर. कामगारांनी मोबाइलवर फोटो काढला आणि गेले. पहिल्या दोन-तीन सरींत तो पट्टा हळूहळू खाली बसला, त्यात पाणी साठू लागलं. मग गिट्टी सुटून बाहेर उडायला लागली. एका मुलीची स्कूटी त्यात आडवी झाली. तिला उठवायला मी थांबले, तेव्हा तळव्याखाली ती गिट्टी गोट्यांसारखी घरंगळत होती. पाण्यामुळे खोली कळतच नाही.

जुलैत एक ट्रक आला. पाऊस चालू असताना, साठलेल्या पाण्यातच मुरूम ओतून गेला. सकाळी मुरूम नव्हता, फक्त लाल चिखल पुढे थेट झेब्रापर्यंत पसरला होता. मग बॅरिकेड लावलं. त्या बॅरिकेडने खड्ड्यापेक्षा जास्त रस्ता अडवला. आता तिथे रोज संध्याकाळी मागच्या चौकापर्यंत रांग लागते.

---

तात्या_महालकर

ही झाली कविता. आता फक्त ती ओळींत बसवायची आहे.

यात चार प्रसंग आपोआप पडले आहेत: मे, जून, जुलै आणि रांग. प्रत्येकाला एक कडवं द्या. आणि अंक पोळ्याच्या आठवड्याचा आहे म्हणताय, तर आपल्याकडे घरचंच साधन असताना दुसरीकडे कशाला जायचं? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. तिची आरोळीच कवितेचं धृपद करा: "घेऊन जा गे मारबत!" नागपूरच्या वाचकाच्या कानात ती लहानपणापासून आहे.

---

पुणेकर_सध्या

मारबत म्हणजे काय? मला खरंच माहीत नाही.

---

वऱ्हाडी_ठसका

भाऊ, अजून मारबत नाही पाहिली? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी मारबत निघतात, बाईचे भले मोठे पुतळे. पिवळीची मिरवणूक १८८५ पासून सुरू आहे असं सांगतात. इतवारीत दोघींची भेट होते, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. संग बडगे असतात. बडग्या म्हणजे ज्याच्यावर लोकांचा राग आहे त्याचा पुतळा, गळ्यात पाटी. भाववाढ, भ्रष्टाचार, गड्डे, समदं त्याच्यावर असते. लोक ओरडतात, "ईडा, पीडा घेऊन जा गे मारबत", आणि मग गावाबाहेर नेऊन जाळतात. नागपूरचं व्यंग तिथूनच शिकावं.

मेघाताई, तुम्ही "खड्डा" कायले लिहिता? आपण "गड्डा" म्हणतो. नागपूरच्या पेपरात नागपूरचीच भाषा पाहिजे.

---

तात्या_महालकर

ठसका, "गड्डा"वर नंतर बोलू.

मेघाताई, ओळीला ८ अक्षरं धरा, छोट्या अभंगासारखी. त्याचं एक व्यवहारी कारण आहे. सदर एका कॉलममध्ये लागतं. तुमच्या पहिल्या कवितेतली "पुढाऱ्यांच्या भाषणांना नाही काही अटका" ही ओळ एका कॉलमात मावतच नाही, ती तुटून खाली येते आणि यमक मधेच कुठेतरी लोंबकळतं. आठ अक्षरांची ओळ कधी तुटत नाही.

मोजताना अक्षरं मोजा, मात्रा नाही. जोडाक्षर कितीही गुंतागुंतीचं असो, ते एकच. "खड्ड्यात" म्हणजे ख, ड्ड्या, त अशी तीन अक्षरं.

---

छंदोमय

इथे मी थोडा विरोध करतो. अक्षरं मोजून भागत नाही. "खड्ड्यात" म्हणताना "ख"वर आघात येतो, तो दीर्घ होतो. विनोदी कविता लोक मोठ्याने वाचतात, तेव्हा मात्राच मोजायला हव्यात. शास्त्रशुद्ध म्हणायचं तर एखादं गणवृत्त घ्यावं, म्हणजे चुकायला जागाच राहत नाही.

---

तात्या_महालकर

छंदोमय, आघाताबद्दल तुम्ही बरोबर आहात. पण अभंग आणि ओवी यांच्यात लघुगुरू मोजत नाहीत. अभंगात अक्षरसंख्या पाहतात, ओवीत तीही सैल असते. आपल्या बायका जात्यावर मात्रा मोजून म्हणत नव्हत्या. म्हणताना ताण पडेल तिथे आवाज लांबवतात. गणवृत्तात "बॅरिकेड" आणि "मुरूम" बसवायला गेलात तर मेघाताईंचा पोळा निघून जाईल आणि शब्द तरी खोटे पडतील. हा विषय रोजच्या शब्दांवरच उभा आहे.

---

मेघा_मानेवाडा

शाळा सुटल्यावर बसून लिहिलं. पहिली तीन कडवी:

मे महिन्यात खणून
चर दिला बुजवून,
वर डांबर शिंपून
फोटो घेतला हसून.
घेऊन जा गे मारबत!

पहिली सर पडली,
काळी माती गं फुगली,
गिट्टी सुटून उडली,
स्कूटी खड्ड्यात बुडली.
घेऊन जा गे मारबत!

ट्रक पावसात आला,
मुरूम त्यात ओतला,
रातभरात वाहिला,
बिलात मात्र राहिला.
घेऊन जा गे मारबत!

---

वऱ्हाडी_ठसका

"बिलात मात्र राहिला" वाचून आमच्या टपरीवर सगळे हसले, आन् मग सगळे गप्प झाले. ताई, हे जमलं.

---

गिट्टीखदान

तिसरं कडवं एकदम खरं आहे. मुरमात बारीक मातीचा अंश असतो. कोरड्यात तो दाबला तर घट्ट बसतो, पण साठलेल्या पाण्यात ओतला तर त्याचा चिखल होतो आणि वाहतुकीच्या चाकांनी तो रस्ताभर पसरतो. वरून रस्ता निसरडा होतो तो वेगळाच. पावसाळ्यात काही करायचंच असेल तर पाणी उपसून, कडा चौकोनी कापून, सुटलेलं सगळं काढून, पोत्यात मिळणारं थंड मिश्रण भरून ठोकावं लागतं. गरम डांबराच्या कामाला कोरडा खड्डा लागतो, ते पावसात होत नाही.

पण दुसऱ्या कडव्यातली "काळी माती गं फुगली" ही ओळ चुकीची आहे. आपली काळी माती पाण्याने फुगते हे खरं, आणि उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात. पण तुमच्या चरात तसं झालेलं नाही. तिथे खणून काढलेली ढेकळं नुसती लोटली, ठोकली नाहीत. चर भरताना माती साधारण १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांत टाकून प्रत्येक थर दाबायचा असतो, आणि काळी माती परत न टाकता मुरूम किंवा वाळू टाकायची असते. तसं न केल्याने ढेकळांमध्ये पोकळी राहिली. पहिल्या पावसात ढेकळं विरघळली आणि भर खाली बसली. तुम्ही स्वतःच लिहिलंय, पट्टा "खाली बसला". जे डोळ्यांनी पाहिलं तेच लिहा.

गिट्टी सुटते त्याचंही कारण तेच. पट्टा बसला की जुन्या आणि नव्या डांबरात फट पडते. तिच्यात पाणी शिरतं, वरून बसचं चाक गेलं की ते पाणी दाबाने आत घुसतं आणि दगडावरचं डांबर सोडवतं. एकदा एक गिट्टी निघाली की शेजारची निघायला वेळ लागत नाही.

---

मेघा_मानेवाडा

बरोबर आहे. "भर चराची खचली" असं करते. अक्षरं आठच राहतात.

---

बेसारोडवाला

आमच्या गल्लीत अगदी हेच झालं! ढेकळं लोटली होती, पहिल्या पावसात बसली. मला वाटलं पाइप फुटला, म्हणून मी पाणी खात्यात अर्ज केला होता. म्हणजे तो अर्ज वाया गेला का?

---

गिट्टीखदान

दादा, पाइप गळत असेल तर पाऊस नसतानाही खड्ड्यात पाणी दिसेल. दोन दिवस उघडीप मिळाली की पाहा. कोरडा पडला तर भर खचली आहे.

---

तात्या_महालकर

मेघाताई, आता दोन गोष्टी.

पहिली, धृपद. मिरवणुकीत आरोळीच्या आधी काय न्यायचं ते नाव घेऊन सांगतात. ईडा, पीडा, रोगराई असं काहीतरी आधी येतं. तुमच्या कडव्यांत मारबत काय घेऊन जाणार ते कळत नाही. "फोटो घेतला हसून, घेऊन जा गे मारबत" म्हटलं तर ती नेणार काय? प्रत्येक वेळी धृपदात एक वस्तू द्या, चार अक्षरांची. असा फोटो. सुटी गिट्टी. आरोळी जिवंत होईल.

दुसरी, बिल. "बिलात मात्र राहिला" हा कवितेतला सर्वांत मोठा टोला आहे आणि तो मधेच येऊन गेला. त्याच्या वरचढ काहीतरी शेवटी हवं. मंत्र्याचं कडवं तिथे घालू नका, ते याच्यापुढे फिकं पडेल.

---

वऱ्हाडी_ठसका

मला मंत्री पाहिजे. लोकाइले मंत्री आला की मजा येते.

---

तात्या_महालकर

मंत्री आला की लोक मंत्र्यावर हसतात आणि चर विसरतात. सहा महिन्यांनी मंत्री बदलतो, चर तिथेच असतो.

---

मेघा_मानेवाडा

रांगेचं कडवं अडलं आहे. "हॉर्न", "धूर", "घाम" असं सगळं सुचतं, पण ते कुठल्याही शहरातल्या कुठल्याही जामचं वाटतं. गिट्टीखदान दादा, एवढ्याशा बॅरिकेडने मागच्या चौकापर्यंत रांग का जाते? मला ते अजून कळलेलं नाही.

---

गिट्टीखदान

हिशेब सोपा आहे. हिरवा दिवा लागला की एका लेनमधून साधारण दर दोन सेकंदांना एक कार सुटते. हिरवा ३० सेकंदांचा धरला तर एका लेनमधून १५ कार, दोन लेनमधून ३०. समजा प्रत्येक फेरीला २५ कार येतात. दोन लेन मोकळ्या असताना सगळ्या निघून जातात, रांग शिल्लक राहत नाही. आता बॅरिकेडने एक लेन बंद केली. सुटणार १५, येणार २५. प्रत्येक फेरीला १० मागे राहतात. चार फेऱ्यांत ४० कार. एका कारला पुढचं-मागचं अंतर धरून सहा-सात मीटर लागतात, म्हणजे एकामागे एक उभ्या राहिल्या तर साधारण अडीचशे मीटर रांग. तुमचा मागचा चौक तेवढ्या अंतरावर असेल तर रांग त्याच्यात शिरते, आणि मग आडवी जाणारी वाहनंही अडकतात. त्यांचा या खड्ड्याशी काही संबंध नसतो.

आपल्याकडे दुचाकी जास्त असल्याने प्रत्यक्षात आकडे बदलतात. दुचाकी फटीतून पुढे येतात आणि दिव्यापाशी गोळा होतात, मग हिरवा लागल्यावर कारला सुटायला उशीर होतो. पण मूळ गोष्ट तीच. खड्डा बारका असतो, रांग वाढते ती दर फेरीला उरणाऱ्यांची. म्हणून माणसाला हिरवा दिवा तीन-चार वेळा दिसतो आणि तो तिथेच असतो.

---

मेघा_मानेवाडा

हे मला रोज दिसत होतं, पण असं डोक्यात आलं नव्हतं. चौथं कडवं:

बॅरिकेड उभे केले,
खड्ड्याहून ते मोठाले,
दोनाचे एकच झाले,
चारदा सिग्नल गेले.
लांब रांग घेऊन जा गे मारबत!

---

छंदोमय

"दोनाचे एकच झाले" कशाचं ते कळत नाही. लेन हा शब्द यायला हवा. आणि "बॅरिकेड उभे केले" ही ओळ म्हणताना जड जाते. तात्या अक्षरं मोजा म्हणाले, अक्षरं आठ आहेत, मान्य. पण ढोलाच्या ठेक्यावर म्हणून पाहा, दोन अधिक तीन अधिक तीन असे तुकडे पडतात तेव्हाच ओळ पळते. "भर चराची खचली" पळते, "मे महिन्यात खणून" पहिल्याच शब्दाला अडखळते.

---

तात्या_महालकर

"मे महिन्यात" बद्दल छंदोमय यांचं मी मान्य करतो, तिथे जीभ अडते. पण मे काढला तर वेळ जाते, आणि पावसाच्या तोंडावर खणलं हाच तर मुद्दा आहे. मी ती ओळ ठेवली असती. लेनचं म्हणाल तर रोज तिथून जाणाऱ्याला सांगावं लागत नाही.

---

छंदोमय

वाचणारे सगळेच तिथून जात नाहीत. मी सहमत नाही.

---

मेघा_मानेवाडा

शेवटाचा विचार करत होते. गिट्टीखदान दादा, तो वाहून गेलेला मुरूम बिलात कसा राहतो? म्हणजे कागदावर तो कुठे लिहिलेला असतो?

---

गिट्टीखदान

मोजमाप वहीत. काम झालं की किती लांब, किती रुंद, किती खोल, किती घनमीटर भरलं ते तिच्यात लिहितात आणि तपासणाऱ्याची सही होते. बिल त्या वहीवरून निघतं. काम ज्या दिवशी मोजलं त्या दिवशी मुरूम तिथे असला की नोंद खरी असते. दुसऱ्या सकाळी तो राहिला का, हे त्या नोंदीत येत नाही. सगळे खोटं लिहितात असं मी म्हणणार नाही, मी स्वतः त्या वह्या भरतो. पण पावसात साठलेल्या पाण्यात ओतलेला मुरूम "भरला" म्हणून मोजणं मला पटत नाही. खोली मोजताना पाणी मोजलं की मुरूम, कोण पाहणार?

---

मेघा_मानेवाडा

मग शेवट असा:

खड्डा राहू दे गं बाई,
त्याचा दोष काही नाही,
मोजमापाची ती वही
आणि तिच्यातली सही
घेऊन जा गे मारबत!

---

तात्या_महालकर

ताई, पाठवा. शेवटी धृपद वेगळं न राहता वाक्यातच आलं, हे सगळ्यांत चांगलं झालं. सही कोणाची ते तुम्ही लिहिलं नाही, तेच योग्य. नाव घातलं असतं तर डेस्कने वकिलाच्या भीतीने ओळच काढली असती. आता प्रत्येक वाचक आपल्या चौकाची सही तिथे पाहील. एकदा सगळी सलग टाका.

---

वऱ्हाडी_ठसका

"राहू दे गं बाई" एकदम आपल्या बोलीतलं. पण मी पुन्हा म्हणतो, "गड्डा राहू दे गं बाई" करा. अक्षरं तेवढीच आहेत.

---

मेघा_मानेवाडा

सलग:

मे महिन्यात खणून
चर दिला बुजवून,
वर डांबर शिंपून
फोटो घेतला हसून.
असा फोटो घेऊन जा गे मारबत!

पहिली सर पडली,
भर चराची खचली,
गिट्टी सुटून उडली,
स्कूटी खड्ड्यात बुडली.
सुटी गिट्टी घेऊन जा गे मारबत!

ट्रक पावसात आला,
मुरूम त्यात ओतला,
रातभरात वाहिला,
बिलात मात्र राहिला.
ओलं बिल घेऊन जा गे मारबत!

बॅरिकेड उभे केले,
खड्ड्याहून ते मोठाले,
दोनाचे एकच झाले,
चारदा सिग्नल गेले.
लांब रांग घेऊन जा गे मारबत!

खड्डा राहू दे गं बाई,
त्याचा दोष काही नाही,
मोजमापाची ती वही
आणि तिच्यातली सही
घेऊन जा गे मारबत!

"खड्डा" की "गड्डा" हे मी संपादकीय विभागाला विचारते. घरी मी गड्डाच म्हणते, पण वर्गात मुलांना खड्डा लिहायला शिकवते, त्यामुळे माझा हात वळत नाही.

---

मेघा_मानेवाडा

फोन झाला. त्यांना कविता आवडली. "खड्डा" ठेवा म्हणाले. पण जागा २० ओळींची आहे आणि कविता २५ ओळींची झाली. एक कडवं काढावं लागेल. कोणतं?

---

तात्या_महालकर

जूनचं काढा. चर बुजवला आणि ट्रक आला, एवढं वाचकाला पुरतं. मधलं त्याला आपोआप कळेल.

---

गिट्टीखदान

जूनचं नका काढू. भर खचली हे एकच कारण सांगणारं कडवं आहे. ते गेलं तर मुरूम कशात ओतला तेच कळणार नाही. काढायचंच तर रांगेचं काढा.

---

छंदोमय

रांगेचं काढलं तर विषयातला जामच गेला, आणि त्यांनी खड्डे आणि जाम दोन्हींवर मागितली आहे. मेचं काढा, म्हणजे ती अडखळणारी ओळही जाईल.

---

वऱ्हाडी_ठसका

मेचं काढलं तर चर कोणी खणला ते कोण सांगन? धृपद फक्त पहिल्या आणि शेवटच्या कडव्यात ठेवा. तीन ओळी वाचतात.

---

मेघा_मानेवाडा

तरी २२ होतात, ठसका दादा. आणि मधली आरोळी काढायला माझं मन होत नाही. स्कूटीवरून पडलेली मुलगी जूनच्या कडव्यात आहे, म्हणून ते मी काढणार नाही. उद्या दुपारपर्यंत द्यायचं आहे. आरोळ्या २० ओळींच्या हिशेबात धरल्या नाहीत तर चालेल का, हे आधी त्यांना विचारते.